मेंढरांची वाट आणि माझी लाल पेन्सिल

सत्तरच्या दशकात मी सांगलीत कायदा शिकवायचो आणि मूट कोर्टाचे, म्हणजे सरावासाठीच्या लुटुपुटीच्या खटल्यांचे, लेखी युक्तिवाद तपासताना हमखास चिडायचो. मुलं निवाड्याचा नुसता गोषवारा वाचून तो निवाडा युक्तिवादात ठोकून द्यायची.

त्या वर्षीचा दावा वहिवाटीचा होता. वादी शेजाऱ्याच्या उसातून आपल्या रानाकडं मेंढरं न्यायचा. आटपाडीच्या एका विद्यार्थ्यानं वादीची बाजू लिहिली होती. मुद्दा नेमका मांडला होता: ‘वीस वर्षं उघडपणे, हक्कानं आणि अखंड वापरलेल्या वाटेवर वादीचा हक्क निर्माण होतो काय?’ पण आधाराला घेतलेला पहिलाच जुना निवाडा वादीच्या विरुद्ध जाणारा! मी समासात ‘गाढवा, हा तुझ्यावरच उलटेल’ असं लिहून गुण कापले.

पान उलटलं. पुढं लिहिलं होतं: त्या निवाड्यातली वाट परवानगीनं वापरलेली होती, म्हणून हक्क मिळाला नाही; इथं परवानगी कुणी मागितलीच नाही. पठ्ठ्यानं विरोधकाचं हत्यार आधीच काढून घेतलं होतं! मी एकटाच मोठ्यानं हसलो, खोडरबरानं गाढव पुसलं आणि गुण परत दिले.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, “हे सुचलं कसं रे?”

“आवं सर, मेंढरं कवा परवानगी मागत्यात व्हय?”