तेरा सायकलचं उत्तर

उत्तरपत्रिका दाखवायचा दिवस म्हटलं की माझं डोकं सकाळपासूनच जड असतं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक रचना शिकवते. बीडहून एसटीने येते, एसटीनेच परत जाते. इतकी वर्षं एकच विषय शिकवून झाल्यावर माणसाला फार काही वाटेनासं होतं. मला तर त्या दिवशी कँटीनच्या चहाचाही कंटाळा आला होता.

पुरवणी परीक्षेचा पेपर विभागप्रमुख सरांनी काढला होता, तपासलाही त्यांनीच. शिरूर कासारकडची एक मुलगी पत्रिका घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आईवडील माजलगावकडे ऊसतोडीला गेलेले. पास व्हायला तिला चार गुण कमी पडत होते. हा विषय सुटला नाही तर इयर डाऊन, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आमच्या भागात कुणी सांगायला लागत नाही.

"मॅडम, माझं तेरा कावून चुकलं?"

प्रश्न ओळखीचाच होता. पाच टप्प्यांचा प्रोसेसर. पहिल्या टप्प्यात सूचना आणायची, दुसऱ्यात ती उलगडून रजिस्टरमधले, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतले, आकडे वाचायचे, तिसऱ्यात हिशेब, चौथ्यात मेमरी, पाचव्यात उत्तर रजिस्टरमध्ये लिहायचं. सूचना तीन. पहिली मेमरीतून आकडा आणते, दुसरी त्यात भर घालते, तिसरी त्या बेरजेतून वजा करते. आधीचं उत्तर मधूनच उचलून पुढे द्यायची सोय नाही, म्हणजे फॉरवर्डिंग नाही. एका टप्प्याला एक सायकल, म्हणजे घड्याळाचा एक ठोका; तर एकूण किती सायकल?

कुणी कुणासाठी अडून राहिलं नसतं तर सात. पण दुसरी पहिलीसाठी अडते, तिसरी दुसरीसाठी. सरांच्या उत्तरात प्रत्येक वेळी दोन सायकल थांबायचं होतं, म्हणून अकरा. पोरीने प्रत्येक वेळी तीन थांबे दाखवले होते, म्हणून तेरा. तक्ता स्वच्छ काढलेला, आणि त्यावर लाल रेघ.

"तीन कावून थांबवलंस?" मी वैतागूनच विचारलं.

"तुमीच ऊसतोडीच्या टोळीचं सांगितलं होतं की. एक तोडतो, एक पाचट काढतो, एक मोळी बांधतो, एक वाहतो, एक गाडीत रचतो. आमच्यात खाली मोळी ठेवली की त्याच फेरीत कुणी उचलत न्हाई. ठेवणारा बाजूला होतो, मग पुढच्या फेरीत उचलायची. तसं लिहून झाल्यावर पुढच्या सायकलला वाचलं मी."

मी खुर्चीत नीट बसले. टोळीचं उदाहरण मी दरवर्षी देते, वर्ग हसतो आणि विसरतो. ही ते तक्त्यापर्यंत घेऊन गेली होती. पाठ्यपुस्तकात रजिस्टर सायकलच्या पहिल्या अर्ध्यात लिहितात आणि दुसऱ्या अर्ध्यात वाचतात असं धरतात. मग लिहिणं आणि वाचणं एकाच सायकलमध्ये बसतं, एक थांबा कमी होतो. पण तसं धरा, हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने मात्र तक्त्याखाली एक ओळ लिहिली होती: लिहिल्यानंतर पुढच्या सायकलला वाचले असे धरले.

मी तिला घेऊन सरांकडे गेले. सर माझ्याहूनही थकलेले दिसत होते.

"मॅडम, उत्तरसूचीत अकरा हाय. एकीला दिलं की उद्या सगळे दारात."

"येऊ द्या. ज्याने असं धरल्याचं लिहिलंय त्याला द्या. प्रश्न अर्धा सोडायचा आणि भोग पोरांनी भोगायचे, मला पटत नाही." माझा आवाज चढला. लई दिवसांनी चढला.

सरांनी तिच्याकडे फळ्याचा खडू सरकवला. "अर्ध्यात लिहिलं, अर्ध्यात वाचलं, तर?"

तिने उभ्याउभ्या तक्ता काढला. पहिली पाचव्या सायकलला लिहिते, दुसरी पाचव्यालाच वाचते आणि आठव्याला लिहिते, तिसरी आठव्याला वाचते आणि अकराव्याला संपते. मग खडू ठेवून खाली मान घातली.

"म्हणजे अकराच येतंय. माझं चुकलंच, सर. राहू द्या."

मला तिचा असा राग आला की बस. "कशाला राहू द्या? तू जे धरलंस त्याला तेराच येतात! तेही बरोबर आहे!"

सरांनी तिची उत्तरपत्रिका ओढून तक्त्याखालची ओळ वाचली. मग लाल पेन काढून त्यांनी आपलीच रेघ खोडली आणि बाजूला चार गुण वाढवून सही केली.

दुपारी एसटीची वाट बघत मी फाटकाशी उभी होते. पलीकडे लिंबाखाली ती आईशी फोनवर बोलत होती, तिकडे आईमागे उसाच्या फडातला गलका असावा, म्हणून ओरडून. पास झाले हे ती पहिल्यांदा सांगेल असं मला वाटलं होतं.

"आये," ती ओरडत होती, "आये, माझं चुकलं नव्हतं गं!"