शिल्लक ठेवलेले फाउल

त्या दुष्काळी वर्षी ऊस नव्हता, सहकारी साखर कारखाना बंद होता. त्याच्या कॉलनीतल्या सिमेंटच्या मैदानावर आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. प्यायचं पाणी ज्याचं त्यानं आणायचं होतं. आमचा एकच जार होता आणि त्याचं झाकण सर स्वतः सांभाळत होते.

माझे वडील, अण्णा, पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटची शिट्टी वाजेल तेव्हा आपण मैदानात असावं, एवढंच मला वाटत होतं. पण सगळ्या सामन्यात मिळून माझे एकटीचे चार फाउल झाले होते. पाचवा झाला की बाहेर.

चाळीसेक सेकंद उरले होते. आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. चोवीस सेकंदांच्या आत तो बास्केटकडे टाकावाच लागतो, पण त्याआधी टाकायची घाई आम्हाला नव्हती. टेबलावरचे मास्तर स्टॉपवॉच बघून त्या चोवीसातले शेवटचे आकडे मोठ्यानं मोजायचे. ते सुरू झाल्यावरच कॅप्टननं चेंडू टाकला. तो रिंगला लागून समोरच्या मुलींच्या हातात गेला. त्यांनी टाइमआउट घेतला.

सर म्हणाले, "या क्वार्टरमध्ये आपल्या सगळ्या टीमचे मिळून दोनच फाउल झालेत. आणखी दोन केले तरी त्यांना फ्री थ्रो न्हाई, नुसता बाजूनं चेंडू मिळंल. पाचव्याला मात्र दोन फ्री थ्रो. तवा त्यांची चाल जमायच्या आत मोडा. तिनं शॉटला चेंडू उचलायच्या आधी. अन् हात चेंडूवरच जाऊ द्या, ढकलाढकली नको."

पहिला फाउल कॅप्टननं केला. चेंडू पुन्हा बाजूनं आला आणि त्यांची सगळ्यात चांगली नेमबाज माझ्यासमोर उभी राहिली. माझा हात उठेना.

"कावून थांबलीस गं? घाल की हात!" कॅप्टन ओरडली.

मी चेंडूवर हात घातला, तो तिच्या मनगटाला लागला. शिट्टी वाजली. तीन सेकंद उरले होते आणि मी बाहेर चालले होते.

"अहो, तिला काढलं कावून?" अण्णांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

आता एकही फाउल परवडणारा नव्हता. माझ्या जागी आलेली मुलगी दोन्ही हात वर करून नुसती उभी राहिली. त्या नेमबाज मुलीला चाल रचायला वेळच उरला नव्हता. तिनं लांबून घाईत चेंडू फेकला. तो रिंगपर्यंतही पोचला नाही.

आम्ही जिंकलो! मुली माझ्यावर येऊन पडल्या. पलीकडे अण्णा शेजारच्या माणसाला दंडाला धरून सांगत होते, "मुद्दाम केलं तिनं! मुद्दाम!" त्यांना ते कुणी समजावलं, मला अजून माहीत नाही.

सरांनी जारचं झाकण उघडलं. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी उरलेलं सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.