हिंगाच्या डब्यातला चहा

तर गं, झाकणाचं सांगत होते. अक्का डबा उघडायची तोच मुळी घाईत. माप आत, माप बाहेर, झाकण बंद. गिऱ्हाईक म्हणालं, जरा बघू द्या की, तर दोन दाणे त्याच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, बघा निवांत, पण डबा नाही उघडा राहणार. माझी थोरली बहीण ती. तू तिला पाहिलंयस, पण दुकानात उभी असलेली नाही पाहिलीस.

दुकान म्हणजे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि मधे पडदा. डाव्या भिंतीला मसाले, उजव्या भिंतीला चहा. मसाल्याचे डबे पत्र्याचे, घट्ट झाकणाचे, उन्हाची तिरीपसुद्धा पडणार नाही असे मांडलेले. चहाच्या लाकडी पेट्या, आतून चंदेरी कागद लावलेल्या. या भिंतीची वस्तू त्या भिंतीला जायची नाही, हा दाजींचा कायदा. दाजी म्हणजे तिचे यजमान. ते म्हणायचे, चहा फार कानाचा हलका, शेजारी जे असेल ते उचलतो. आणि हिंग तर सगळ्यात खालच्या फळीवर, डब्यात डबा घालून, शिक्षा झाल्यासारखा.

दाजींचं नाक म्हणजे काय विचारू नकोस. पोतं उघडायच्या आधी सांगायचे, याला ओल लागलीय. दळण अक्काचं. ती जिरं, धणे, मिरी अख्खंच ठेवायची. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मगच दळायची. तेही थोडं फिरवायचं, थांबायचं, यंत्राचं भांडं हाताला गरम लागलं की परत थांबायचं. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. अक्का म्हणायची, भांडं तापलं तर वास इथेच उडून जाईल, मग तुम्ही घरी काय नेणार, भुसा?

असं छान चाललेलं. मग हिवाळ्यात दाजींना ताप आला. साधाच होता, उतरलाही. पण उतरल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांनी घास तोंडात फिरवला आणि ताट बाजूला सारलं. म्हणाले, खारट लागतंय, तिखट लागतंय, बाकी काहीच नाही. जिरं उतरलंय तुझं.

आता दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अहो, तापाने तोंडाला चव नसेल. पण ही दोघं मसाल्यातली माणसं. जेवणात काही कमी पडलं तर खोट मालात, हे त्यांच्या हाडात बसलेलं. आणि माल उतरलाय असं दाजींनी म्हणायचं आणि अक्काने ते खोटं धरायचं, हे तिच्या उभ्या संसारात कधी झालं नव्हतं. तिने जिऱ्याचा डबा उपडा केला. दाणे चोळून हुंगले. तिला वास आला, भरपूर आला, पण तिला वाटलं आपल्यालाच सवयीने येतोय.

मग काय, सगळी झाकणं तपासली. ज्याचं झाकण जरा सैल, तो डबा बाद. मिरी नवी आणली. वेलचीचं पोतं व्यापाऱ्याकडे परत नेलं. त्याने चार वेलच्या फोडल्या, आत काळे चिकट दाणे, हिरवीगार सालं. तो म्हणाला, अक्का, हा माल परत करायचा नाही, देव्हाऱ्यात ठेवायचा. ती म्हणाली, आमच्या घरच्यांनी नाही म्हटलंय. त्या बिचाऱ्याने पोतं ठेवून घेतलं. दाजींच्या नाकापुढे तो तरी काय बोलणार?

घरात तर ती प्रत्येक जेवणाला ताजं दळायला लागली. एका माणसाच्या ताटापुरतं, खलबत्त्यात. धणे मंद आचेवर हलकेच भाजायची, करपायच्या आत उतरवायची. फोडणी तर दाजींच्या शेजारीच करायची, मुद्दाम शेगडी जवळ घेऊन. तेल नीट तापू द्यायची, एक मोहरी टाकून बघायची, ती तडतडली की बाकीची. मग जिरं, ते फुललं की आच कमी, चिमूटभर हिंग, आणि खाली उतरवून तिखट. वास तेलात उतरतो गं, आणि तेल सगळ्या डाळीत फिरतं, म्हणून तर फोडणी. ती डाळीवर ओतली की चर्र आवाज व्हायचा आणि शेजारच्या शिंपीणबाई खिडकीतून म्हणायच्या, अक्का, आमच्या घरी भाजी करपली तुमच्या वासाच्या नादात.

दाजी मात्र तो आवाज ऐकायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. दोन घास खायचे, तिच्यासाठी. अंगरखा खांद्यावर लोंबायला लागला. तिखट उडालं की त्यांना ठसका लागायचा, डोळ्याला पाणी यायचं, म्हणून अक्काला वाटायचं नाक तर चालू आहे. तिथेच फसली ती. ठसक्याचं आणि वासाचं घर वेगळं असतं, हे तिला कोण सांगणार?

एके दिवशी दुपारी ती पडद्याआडून दुकानात आली, तर दाजी चहाची पेटी पुसून ठेवत होते. म्हणाले, पेटीचं झाकण बसत नव्हतं, चहा दुसऱ्या डब्यात भरलाय, बघ कसं घट्ट झाकण आहे. अक्काने डबा हातात घेतला. उघडायच्या आधीच तिच्या लक्षात आलं. हिंगाचा डबा. रिकामा झाला म्हणून धुऊन ठेवलेला. हिंगाचा डबा सात वेळा धुतला तरी हिंगाचाच, हे तिला ज्याने शिकवलं तोच माणूस समोर उभा होता.

तिने झाकण काढलं. चहाच्या पत्तीतून हिंगाचा भपकारा आला. तिने डबा दाजींच्या पुढे धरला. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "छान आहे. हा एक तरी माल टिकलाय आपल्याकडे."

अक्काने झाकण लावलं. तिला कळलं की जिरं चांगलं होतं, मिरी चांगली होती. व्यापारी खरं बोलत होता. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त त्यांच्या नाकापर्यंत पोचत नव्हतं. तिने त्याच डब्यातला चहा केला. दोघं प्यायली. तिच्या घशाखाली उतरेना, आणि ते म्हणाले, साखर बरोबर झालीय.

दुसऱ्या घोटाला त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस काही खुळा नव्हता गं. कप खाली ठेवला, डब्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हिंगाचा आहे ना तो डबा?"

ती म्हणाली, "हो."

डॉक्टरकडे गेली दोघं. त्याने नाकात बत्ती धरून पाहिलं. कधी कधी तापानंतर वास जातो म्हणाला, कधी परत येतो, कधी येत नाही, वाट बघायची. औषध विचारलं तर नाही म्हणाला. अक्का मला म्हणाली, झाकण सैल असतं तर बदललं असतं, दळण शिळं असतं तर फेकलं असतं. याला मी काय करू?

आता ती रोज तेवढंच निगुतीने करते. ताजं दळते, फोडणी देते. परवा दाजींनी विचारलं, सांग ना, कसा येतोय वास? ती म्हणाली, जिऱ्याचा येतोय. ते म्हणाले, हो, पण कसा? तिने पळी हातात धरून खूप विचार केला. जिऱ्याचा वास जिऱ्यासारखा, त्याला दुसरं नाव कुठून आणणार? पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, तुम्हाला आवडायचा तसाच. ते हं म्हणाले. अर्धी पोळी खाल्ली त्या दिवशी, तिला तेवढंच पुष्कळ वाटलं.

तर एवढं कर. तुझा मामा रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे ना, त्याला सांग, दारात पाऊल टाकल्या टाकल्या 'काय घमघमाट सुटलाय' असं म्हणू नकोस. सगळे येतात ते हेच म्हणतात, आणि दाजींचा हात ताटावरच थांबतो. त्याला म्हणावं, आत जा, शेजारी बस, आणि गुपचूप जेव.