कारण : आईची बदली

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बोलण्यात तर नव्हतंच नव्हतं. कामावरची मंडळी त्याला लांबण म्हणत. लिफ्ट मध्येच अडकली की तो बाहेरून आतल्या माणसांना धीर द्यायला गोष्ट सांगायला लागे. दार उघडे, माणसं बाहेर येत, घामाघूम होऊन जिन्याकडे पळत, आणि लांबणची गोष्ट मात्र अजून वळणावरच असे.

बायको अगदी उलट. इस्पितळात परिचारिका, दिवसभर मोजून औषधं द्यायची सवय, तशी शब्दही मोजून द्यायची. तिला बढती मिळाली आणि बढतीला जोडून लांबच्या शहरात बदली. रात्रीच्या जेवणावर ठरलं: मुलीसकट तिघांनीही जायचं. "तू नोकरी सोडशील?" तिने विचारलं, तेव्हा लांबण छाती काढून म्हणाला, "लिफ्टा काय, सगळीकडे बंद पडतात."

म्हणाला खरा, पण गाव का सोडतोय, ते कामावर त्याने कुणाला खरं सांगितलं नाही. एकाला म्हणाला, इथली हवा मानवत नाही. दुसऱ्याला म्हणाला, सासूबाईंची तब्येत. मुकादमाला तर नुसतंच "बघू" म्हणाला, आणि लांबणच्या तोंडून एका शब्दाचं उत्तर आलं म्हणून मुकादम चक्रावला.

"पोरीच्या शाळेचा दाखला तेवढा तू काढ," बायको म्हणाली. "मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्यायचा. कागद या पिशवीत आहेत."

शाळेसमोर टायपिंगचं आणि झेरॉक्सचं एक चिंचोळं दुकान होतं. दुकानातल्या बाई आयुष्यभर लोकांचे अर्ज टाइप करून इतक्या मुरल्या होत्या की, घरी त्यांच्याशी भांडायचं झालं तरी नवऱ्याला आधी विषय सांगावा लागे.

"विषय?" बाईंनी विचारलं.

"शाळेचा दाखला हवाय. त्याचं असं झालं..."

"शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत," बाईंनी टाइप केलंसुद्धा. "मुलीचं नाव?"

"चिमणी."

"शाळेतही चिमणी?"

"छे हो! शाळेतलं नाव तिच्या आत्याने ठेवलं. म्हणजे आत्याला वेगळंच ठेवायचं होतं, पण बारशाला..."

"बारसं राहू द्या. शाळेच्या रजिस्टरात जसं आहे तसंच नाव लागतं. प्रगतिपुस्तक द्या."

लांबणने पिशवी उलटी केली. विजेचं बिल निघालं, लसीकरणाचं कार्ड निघालं, तीन चाकांच्या हत्तीचं चित्र निघालं.

"हे तिने दुसरीत काढलं," तो कौतुकाने म्हणाला. "हत्तीला चाकं का, तर म्हणाली, एवढा जड, चालून दमेल."

बाईंनी चित्र पाहिलं, हसू दाबलं आणि तळाशी दडलेलं प्रगतिपुस्तक स्वतःच ओढून काढलं. नाव मिळालं, रजिस्टर क्रमांकही मिळाला.

"आता कितवीत?"

"पाचवीत. नाही, थांबा. पाचवीचं हे प्रगतिपुस्तक. म्हणजे सहावीत. तुकडी... वर्गाबाहेर पाण्याची टाकी आहे बघा, ती."

"टाकीला मुख्याध्यापक ओळखतील, पण मला अर्जात अ किंवा ब लिहायचंय."

"ब! अ वर्गातल्या पोरांना टाकीपर्यंत पळत यावं लागतं, चिमणी हसते त्यांना."

"जन्मतारीख आहे यात. शेवटचा दिवस कुठला शाळेचा?"

हेही आडवळणाने आलं. आठवड्याचा शेवट, म्हणजे सामानाचा टेम्पो येणार त्याच्या आदल्या दिवशी, टेम्पोवाला मेहुण्याच्या ओळखीचा, मेहुणा तसा चांगला, पण. बाई 'पण'च्या अलीकडे थांबल्या आणि तारीख घातली. मागे दोन माणसं झेरॉक्ससाठी खोळंबली होती. त्यातला एक मेहुण्याचं पुढे काय झालं ते ऐकायला जवळ सरकला.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "कारण?"

आणि लांबण गप्प झाला.

"शाळा सोडण्याचं कारण लागतं. बदली का?"

"बदलीच म्हणायची."

"तुमची?"

"कौटुंबिक कारण असं लिहिता येतं ना?"

"येतं की. मग मुख्याध्यापकबाई तुम्हाला खुर्चीत बसवून विचारतील, घरी सगळं ठीक आहे ना. लिहू?"

लांबणने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "बदली हिची झालीय," तो हळू म्हणाला. "मी आपला... बरोबर जातोय."

त्याला वाटलं, मागचे दोघे आता एकमेकांकडे बघणार. मेहुण्याच्या गोष्टीची वाट पाहणारा म्हणाला, "नशीबवान आहात. माझी बायको मला माहेरीसुद्धा बरोबर नेत नाही."

बाईंनी मान वर केली नाही. "मुलीच्या आईची बदली झाल्यामुळे," त्या वाचत टाइप करत गेल्या, "कुटुंब परगावी राहण्यास जात आहे. तरी दाखला देण्यात यावा, ही विनंती. घ्या, खाली सही आणि फोन नंबर."

कागद अर्धाही भरला नव्हता. "एवढंच?" लांबण हिरमुसला. "शिक्षकांचे आभार?"

"ते तोंडाने माना. त्याला टायपिंग लागत नाही."

शाळेच्या कार्यालयात कारकुनाने अर्ज घेतला, जाडजूड रजिस्टर काढून नाव आणि जन्मतारीख ताडून पाहिली. फी पूर्ण होती. वाचनालयाच्या नोंदीत मात्र ज्वालामुखींवरचं एक पुस्तक अडकलं होतं.

"ते आल्याशिवाय दाखला नाही. मुलीला विचारा."

मुलीला विचारायची गरज नव्हती. ते लांबणच्याच उशीखाली होतं, आणि शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन आला आणि वाचनालयाच्या बाकावर बसून त्याने आधी ते प्रकरण संपवलं. ग्रंथपालांना एका ज्वालामुखीची हकिगत ऐकवली. त्यांनी पुस्तक जमा झाल्याची सही घाईघाईने केली, इतक्या घाईने की ते तारीख घालायची विसरले आणि त्याला परत बोलावणं भाग पडलं.

कारकून दाखला लिहायला बसला. सवयीने बोलत बोलत लिहायची त्याची पद्धत. "वर्तणूक, चांगली. सोडण्याचं कारण, वडिलांची बद..."

"आईची," लांबण म्हणाला.

कारकुनाचा हात थांबला. "अं?"

"आईची बदली. अर्जात बघा. बढतीवर बदली झालीय तिची. आम्ही दोघं तिच्याबरोबर चाललोय." आवाज जरा मोठाच झाला. पलीकडे चहा घेणाऱ्या दोन शिक्षिकांनी वळून पाहिलं, आणि त्यातल्या एकीने विचारलं, "मुलीच्या आईला बढती का? अभिनंदन सांगा हं त्यांना."

'वडिलांची' इथवरच गेलेला तो कागद कारकुनाने फाडला. दाखल्यात खाडाखोड चालत नाही. नवा कागद घेऊन पहिल्यापासून लिहिलं, मुख्याध्यापकबाईंची सही आणि शिक्का आणला, आणि नाव, तारीख नीट वाचून घ्यायला लावून पोच घेतली. "मूळ दाखला एकदाच मिळतो," तो म्हणाला. "जपून ठेवा."

लांबणने तो पिशवीत घातला नाही. दुकानातून कडक पुठ्ठ्याची फाईल घेतली, त्यात ठेवला आणि सरळ कामावर गेला. मुकादम डबा उघडत होता.

"बायकोची बदली झालीय. पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही," लांबण म्हणाला.

मुकादमाने वाट पाहिली. घास हातातच राहिला. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"बरं वाटत नाही का तुला?" मुकादम उठलाच. "बस, पाणी पी."

लांबण बसला, पाणी प्याला. मग म्हणाला, "त्याचं असं झालं," आणि मुकादमाने निर्धास्तपणे डबा पुढे ओढला.