मुका लॅपटॉप आणि कानसेन

कानसेनांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. रेडिओच्या जमान्यात नुसत्या खरखरीवरून ते कुठला भाग गेलाय ते सांगत, म्हणून हे नाव पडलं ते कायमचं. पुढे रेडिओ गेले, टेप गेले, लॅपटॉप आले. कानसेन पन्नाशीत नव्याने शिकले आणि दुकान चालू राहिलं. काउंटर बायको सांभाळायची. गिऱ्हाइकाचं बोलणं आत वळून ठणठणीत आवाजात पुन्हा सांगायची सवय तिला अलीकडे लागली होती. वयाबरोबर हिची बडबड वाढली, असं कानसेनांचं मत होतं.

खरी गोष्ट अशी की त्यांचा डावा कान गेल्यात जमा होता आणि उजवाही कुरकुर करू लागला होता. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. कळू देणार तरी कसं? चष्मा लागला तर माणूस चारचौघांत मिरवतो, पण आख्खी गल्ली ज्याला कानसेन म्हणते त्याने ऐकू येत नाही म्हणायचं, म्हणजे दुकानाला कुलूपच.

त्या दिवशी दुपारी तीनला नाच शिकवणारी बाई लॅपटॉप छातीशी धरून धावत आली.

"काका, याचा आवाजच बंद झालाय. हेडफोन लावला की ऐकू येतं, काढला की शुकशुकाट. पाच वाजता बावीस मुली येतील. त्या शेजारच्या दुकानात आतला मदरबोर्डच बदला म्हणाले."

बायकोने सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"हेडफोनवर ऐकू येतं ना? मग बोर्ड कशाला बदलायचा?" कानसेन गुरगुरले. त्यांनी आवाजाचं बटण दाबलं. हेडफोन काढलेला होता, तरी पडद्यावर चित्र आलं ते हेडफोनचंच. लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी तेच.

"हे बघ," ते बाईला म्हणाले, "या भोकात एक बारीकशी पट्टी असते. पिन आत गेली की ती दाबली जाते, मग सॉफ्टवेअर समजतं हेडफोन आला आणि स्पीकर गप्प करतं. इथे धूळ बसून पट्टी अडकलीय. सॉफ्टवेअर बिचारं तिच्या शब्दावर विश्वास ठेवून बसलंय."

लॅपटॉप बंद करून त्यांनी भोकात हवा मारली. करड्या धुळीची गुठळी बाहेर उडाली. मग स्पिरिटचा थेंब लावलेली काडी आत फिरवली, ती काळी होऊन आली. वाळू दिलं, आणि जुनी पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर केली. लॅपटॉप चालू केला. हेडफोनचं चित्र गेलं, स्पीकरचं आलं. कानसेनांनी मिशीला हात लावला आणि गाणं सुरू केलं.

काहीच नाही.

लॅपटॉपमध्ये हेडफोनचा आवाज वेगळा लावलेला असतो, स्पीकरचा वेगळा, आणि स्पीकरचा बाईने कधीतरी अगदी कमी करून ठेवला होता. एरवी कानसेनांनी तो आधी पाहिला असता. पण आज बायकोसमोर आणि बाईसमोर फजिती झाली या विचाराने त्यांचं डोकंच तापलं.

"स्पीकरही गेलाय," ते म्हणाले. "खोलावा लागेल. पाचपर्यंत होणार नाही." आणि त्यांनी स्क्रू काढायला हात घातला.

बाई गोंधळून बायकोकडे बघत राहिली. कानसेनांची नजर सहज खाली गेली. स्टुलाखाली बाईची चप्पल फरशीवर ठेका धरत होती. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन. बाईला त्याचा पत्ताही नव्हता, पाय आपला चालला होता.

कानसेनांचा हात थांबला. त्यांनी हळूच स्पीकरच्या जाळीवर बोट टेकवलं. बोटाखाली बारीक थरथर होती, अगदी त्याच ठेक्यात.

त्यांनी गुपचूप आवाज वाढवला. आता त्यांनाही गाणं ऐकू आलं. "झालंय," ते खालच्या मानेने म्हणाले. "घेऊन जा. कापडाच्या तुकड्याने झाकत जा ते भोक."

बाई आनंदाने धावत गेली. दुकानात दोघंच उरली. कानसेनांना रडू येईलसं वाटलं आणि स्वतःचा रागही आला.

"गाणं कधीपासून चालू होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि तुला माझं कधीपासून माहीत आहे?"

बायको स्टूल ओढून त्यांच्या उजव्या बाजूला बसली. गेले कित्येक महिने ती नेमकी याच बाजूला बसत आली होती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"दिवाणखान्यातलं टोल्यांचं घड्याळ बंद पडलं ते तुम्हाला चार दिवस कळलं नाही, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की," ती म्हणाली. "त्याच दिवशी. चला, कान दाखवून येऊ म्हणाले. तेव्हा मी डावीकडे बसले होते."