एकाच पाकिटातली गोळी

आमची आई दोन वर्षांपूर्वी अटॅकमधून वाचली, तिला स्टेंट बसला. तेव्हापासून रोज जेवणानंतर ती अ‍ॅस्पिरिनची बारीक गोळी घेते. आणि आमच्याकडची रीत अशी, की घरात जे एकाला, ते दुसऱ्यालाही. मग त्याच पाकिटातली एक गोळी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातावरही पडू लागली. दादा पंचाहत्तरीचे, छातीत कधी दुखलं नव्हतं त्यांच्या. आई म्हणायची, हृदयाला चांगली असते, खबरदारी म्हणून घ्या. तेही मुकाट गिळायचे. गुडघ्यांसाठी उस्मानपुऱ्यातल्या मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी चालूच होती.

एका सकाळी दादा बाथरूममध्ये कोसळले. चेहरा पांढराफटक पडलेला. रिक्षात बसल्यावर मग कळलं, की दोन दिवसांपासून डांबरासारखी काळी संडास होत होती आणि लाजेपोटी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला भयंकर संताप आला.

दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घातली तेव्हा जठरात जखम निघाली, तिच्यातूनच रक्त जात होतं. रक्ताची पिशवी लावली, आम्लाचं औषध सुरू झालं. औषधं बघून डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मग नीट समजावलं. अ‍ॅस्पिरिनची गोळी रक्तात गुठळी होऊ देत नाही, पण जखमेवर धरणारी गुठळीही तीच अडवते. वरून जठराचं अस्तरही कमजोर करते. दादांना अटॅक कधी आलेलाच नाही, तेव्हा त्यांना तिचा फायदा थोडासाच. उलट वय वाढेल तसा रक्तस्रावाचा धोका वाढत जातो, त्यात दुखण्याच्या गोळीची भर. आईचं वेगळं. एकदा अटॅक येऊन गेलाय, आत स्टेंट आहे, तिथं पुन्हा गुठळी झाली तर जीवावर बेतेल. तिचा फायदा धोक्यापेक्षा मोठा. दादांची बंद, आईची चालूच, असं बजावून ते गेले.

आई ऐकत होती, पण तिच्या कानात फक्त अर्धंच शिरलं. त्या रात्री तिने गोळी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाकीट पिशवीत जसंच्या तसं दिसलं तेव्हा मी भडकले. दवाखाना आहे हेही विसरले. ती भिंतीकडे बघत म्हणाली, मीच माझ्या हातानं त्यांना घातली रोज, आता मला नको ती.

मी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगितलं, हात जोडले, रडले. ती हलायला तयार नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर, हीच भीती मला खात होती.

दादा जागे होते. सलाइन लावलेला हात तसाच पुढं करून त्यांनी गोळी मागितली. मी पाकिटातून काढून दिली, ती त्यांनी आईच्या तळहातावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. "मला एकट्याला इथं ठेवून जायचा इचार हाय का?"

आईनं पाणी मागितलं.