साहेबांनी लिहिलेलं शिफारसपत्र

वाळूजच्या कारखान्यात ज्या साहेबांच्या हाताखाली मी चार वर्षं क्वालिटीचं काम केलं, त्यांनी माझ्याबद्दल कधी बरा शब्द काढला नाही. पण पुढच्या शिक्षणाच्या अर्जाला त्यांचंच शिफारसपत्र लागत होतं. "वेळ नसेल तर मोकळेपणानं सांगा," मी म्हणाले. "देऊ की, त्यात काय!" ते म्हणाले.

साहेबांना त्रास नको म्हणून मुदतीच्या तीन आठवडे आधीच मी बायोडेटा, कॉलेजची लिंक आणि माझ्या कामाचे मुद्दे एका मेलमध्ये पाठवले. मुद्द्यांखाली कंसात लिहिलं, 'सर, इथं तुम्हाला आठवणारा एखादा प्रसंग घालावा.'

दोन दिवस उरले, तशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐटीत लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "एका बैठकीत लिहून काढलं बघ."

माझेच मुद्दे, माझेच शब्द. शेवटी तो कंससुद्धा, 'सर'सकट!

"सर, प्रसंग राहिलाय."

"मग तूच सांग एखादा. मला कुठं आठवतंय?"

मी सांगितला. ट्रकमध्ये चढलेला खराब माल मी उतरवायला लावला होता, आणि हेच साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले होते. ओरडणं गाळून त्यांनी लिहिलं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली तिनं माल थांबवला.' त्यांनी लगेच पत्र लिंकवर चढवलं.

मला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "पत्र कुणी लिहिलं होतं?"

"तुम्हीच, सर," मी म्हणाले. असल्या माणसाशी वाद कोण घालणार?